मानाचं तेल

गोवर्धन हाडोळ्यांच्या घरात भाचा मोठा आणि मामा लहान. वयाचा काही संबंध नाही. बहीण शकुनचा शुभम दारात आला की पन्नाशीचा गोवर्धन हातातलं काम टाकून उठायचा, वाकून त्या सव्वीस वर्षांच्या पोराच्या पायांना हात लावायचा आणि म्हणायचा, "या भाचेराव." शुभम संकोचून मागं सरायचा, पण पाय मागं घेता येत नसत. मान घेणाऱ्यालाही तो घ्यावाच लागतो. गोवर्धनची बायको जयवंता चुलीपाशी बसल्या बसल्या गुणगुणायची,

दारी आला भाचा, पाय धुवा पितळीत,
पाणी उरलं ते टाका तुळशीच्या मुळीत.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी या मानापायी एक गाडी बसली आणि गाडीसोबत माणसंही. ती ही गोष्ट.

गोवर्धनकडं आधी जुनी जीप होती. दर्यापूर ते अकोट वडाप चालवून तिचा पत्रा वाजायला लागला, तेव्हा दीड वर्षापूर्वी त्यानं सात सीटची नवी पांढरी डिझेल गाडी घेतली. तिला टुरिस्ट परवाना काढला आणि सेमाडोहच्या एका रिसॉर्टचं काम धरलं. बडनेरा स्टेशनावरून पाहुणे वर जंगलात न्यायचे, दोन दिवसांनी परत आणून सोडायचे. वाघ दिसो न दिसो, पाहुण्यांची गाडी चुकता कामा नये. घर त्या गाडीवर चालत होतं. तीन वर्षांची वॉरंटी होती. वॉरंटीचं पुस्तक कंपनीनं दिलं तसंच, पॉलिथिनच्या पिशवीत, डाव्या बाजूच्या कप्प्यात होतं. कप्पा उघडला की गोवर्धन पुस्तकाला नमस्कार केल्यासारखा हात लावायचा. पिशवी मात्र कधी फाडली नाही.

शुभम बीएस्सी केमिस्ट्री. परीक्षा देऊन देऊन त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड उतरला होता. कुठं दोन मार्कांनी राहिला, कुठं भरतीच रद्द झाली. मग एक दिवस त्यानं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक ड्रम चढवला. हॉटेलांतून कचोरी-भज्यांचं जळकं तेल आणायचं, गाळायचं, तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा टाकून ढवळायचं. खाली गुळाच्या पाकासारखं ग्लिसरीन बसतं, वर सोनेरी पातळ तेल तरंगतं. ते पाण्यानं धुवायचं, पुन्हा धुवायचं, धुतलेलं पाणी नितळ निघेपर्यंत. मग पाणी उडवायचं. झालं बायोडिझेल. पहिल्यांदा ते काचेच्या ग्लासात धरून त्यानं उजेडासमोर केलं तेव्हा शकुन म्हणाली, "किती दिवसानं हसला व माहा पोरगा!"

ते हसू गोवर्धननं पाहिलं होतं, आणि सगळं तिथंच अडकलं.

आधी घरी उभ्या असलेल्या जुन्या जीपमध्ये टाकून पाहिलं. पहिल्या महिन्यात दोनदा फिल्टर चोंदला. गोवर्धन घाबरला, पण शुभमनं फिल्टर उघडून काळा गाळ दाखवला. "मामाजी, हा माह्या तेलाचा नाही. तुमच्या टाकीत वीस वर्षांपासून चिकटला होता. माह्यं तेल साबणावानी आहे, थे जुना मळ सोडवते." तिसऱ्या फिल्टरनंतर खरंच जीप सरळ चालली. फक्त एक जुनी रबरी नळी फुगून मऊ पडली, ती बदलली.

मग नवी गाडी. उन्हाळाभर, पावसाळाभर चार भाग पंपाचं डिझेल आणि एक भाग भाच्याचं तेल. गाडी धूर कमी सोडायची. मागून येणाऱ्याला भज्यांचा वास यायचा. वडापवाले हसायचे, "गोवर्धनभाऊ, तुमच्या गाडीमांगं लागलं का भूक लागते ना बाप्पा!" इंजिन ऑईलची पट्टी काढून पाहिली तर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी बोटभर वर आलेलं दिसायचं. गोवर्धन कौतुकानं सांगायचा, "दुसऱ्याच्या गाड्या ऑईल खातात. माही गाडी ऑईल पैदा करते." ते ऑईल कुठून येतं असा प्रश्न कोणाला पडला नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा शुभमनं कॅन देताना बजावलं होतं. "मामाजी, हिवाळ्यात दहात एकच भाग टाकजा. आणि आधी डिझेल टाकजा, मंग माह्यं. आणि घाटावर नेताना तर टाकूच नोका. दर्यापूरले चालते, तिथचं मले माईत नाही."

"हाव हाव," गोवर्धन म्हणाला.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी तो सेमाडोहला पोचला तेव्हा काटा तळाला टेकला होता. मागच्या डिकीत दोन कॅन होते. एक पंपावरून भरलेला डिझेलचा, दुसरा शुभमचा, वीस लिटरचा, गळ्याशी लाल दोरा बांधलेला. भाच्यानं हातानं भरून दिलेला. तो तसाच भरलेला परत नेला तर पोरगा काय म्हणेल? मामाले माह्या तेलाचा भरवसा नाही, असंच ना? त्याच्या चेहऱ्यावरचा तो उजेड विझायला तेवढंच पुरे होतं. गोवर्धननं नरसाळं लावलं. दोन्ही कॅनांकडं पाहिलं. घरात ताट वाढताना पहिलं ताट भाच्याचं असतं. लग्नात पहिला टिळा भाच्याला. हात आपोआप लाल दोऱ्याकडं गेला.

शुभमचा अख्खा कॅन त्यानं आधी रिकामा केला. मग वरून दहा लिटर डिझेल. टाकीचं झाकण लावून तो समाधानानं झोपायला गेला. उद्या रिकामा कॅन पाहून भाचेराव हसतील.

रात्री सेमाडोहवर थंडी दाट बसली. सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठल्यासारखं झालं होतं. रिसॉर्टच्या माणसानं तापमान सांगितलं, पाच. नागपूरचं एक कुटुंब सामान घेऊन उभं होतं, नवरा, बायको आणि शालीत गुंडाळलेली म्हातारी आई. त्यांना बडनेऱ्याहून ट्रेन पकडायची होती.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. नळीत कालचं उरलेलं डिझेल होतं, तेवढ्यावर. दोन वळणं गेली, आणि गाडी गळा दाबल्यासारखी झाली. पाय दाबला तरी जोर नाही. पिवळा दिवा लागला. मग ती थांबली.

गोवर्धननं बॉनेट उघडलं. हातानं चाचपून फिल्टर पाहिला. थर्मासमधलं गरम पाणी फडक्यावर ओतून फिल्टरला गुंडाळलं. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, पुन्हा शंभर पावलं चालली, पुन्हा थांबली.

"काका, आमची ट्रेन," नागपूरचा माणूस म्हणाला.

"पोचवतो ना साहेब. आजपर्यंत कोणाची चुकू नाही देल्ली."

तेवढ्यासाठी त्यानं पुढचा तासभर गाडी रेटली. सेल्फ मारायचा, धक्के देत चालवायचं, बंद पडली की पुन्हा सेल्फ. त्याला वाटत होतं आपण गाडीला चालवून राहिलो. खरं तर आत पंप कोरडा घासत होता. या नव्या गाड्यांत पंपाला वंगण म्हणजे तेच डिझेल. ते पोचलं नाही की लोखंड लोखंडाला खातं. ऊन वर आलं, टाकीतलं तेल वितळलं, गाडी थोडा वेळ चांगली पळाली. गोवर्धननं हुश्श केलं. पण परतवाड्याच्या अलीकडं पुढून एक बारीक किणकिण सुरू झाली, पायाला पैंजण बांधून कोणी धावावं तशी. मग गाडी गप्प झाली आणि पुन्हा बोललीच नाही.

पाहुणे एसटीनं गेले. म्हाताऱ्या आईनं जाताना गोवर्धनच्या खांद्यावर हात ठेवला. ट्रेन त्यांची चुकलीच. रिसॉर्टच्या मालकाचा फोन दुपारी आला. "गाडी दोन दिवसात उभी करा गोवर्धनभाऊ, नाहीतर सीझनचं मी दुसऱ्याले सांगतो. मले पाहुण्याले उत्तर द्याव लागते."

"वॉरंटीत आहे साहेब," गोवर्धन म्हणाला. "उद्या करून देते कंपनी."

कंपनीच्या अमरावतीच्या वर्कशॉपात गाडी दोरीनं ओढून आणली. काउंटरवर रश्मी नावाची मुलगी होती. मूळची अकोटची. गोवर्धनचं बोलणं ऐकून तिचं काउंटरवरचं मराठी जरा सैल झालं. तिनं कॉम्प्युटर समोर ओढला.

"काका, इथं ग्राहकाची तक्रार लिहायची असते. इथं मी माह्यं काही टाकत नाही. तुमी जे बोलसान तेच शब्द, तसाच नियम आहे. सांगा."

गोवर्धन खुर्चीत सरसावून बसला. आपले शब्द जसेच्या तसे कोणी लिहून घेतं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

"लिहा. सेमाडोहले पहाटं तेल थिजलं."

रश्मीची बोटं थांबली. "डिझेल म्हणायचं आहे ना काका?"

"डिझेल काहून? डिझेल बी होतं, पण वरून. खाली तेल होतं. आमच्या भाचेरावचं, घरचं. बायोडिझेल. वीस लिटर."

तिनं मागं वळून वरिष्ठांच्या काचेच्या केबिनकडं पाहिलं. मग आवाज खाली केला. "काका, मी एवढंच लिहू का? थंडीत गाडी चालू होत नाही."

सुटकेचं दार उघडलं होतं. एका मुलीनं स्वतःची नोकरी पणाला लावून ते फटीएवढं उघडून धरलं होतं. त्याला ते दार दिसलं नाही.

"एवढंच काहून? अर्धं सांगतलं तर तुमाले बिमारी कशी समजन पोरी? आणि भाच्याचं नाव काहून लपवू? शुभम ठाकरे लिहा. शिकेल आहे. बीएस्सी."

तिनं लिहिलं. बोटं फार हळू चालत होती. कागद छापून आला, त्यावर त्यानं सही केली. तेल थिजलं. ठसठशीत अक्षरं. त्यानं कागद दुमडून खिशात घातला, अभिमानानं.

ओमप्रकाश नावाच्या हेड मेकॅनिकनं टाकीच्या तळातून एक बाटली भरून घेतली. तेल सोनेरी, स्वच्छ होतं. त्यानं ती कर्मचाऱ्यांच्या डब्यांच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली.

"हे काहून?" गोवर्धननं विचारलं.

"उद्या पाहू," ओमप्रकाश म्हणाला. त्यानं डोळ्याला डोळा भिडवला नाही.

दुसऱ्या दिवशी शुभमही सोबत आला. गोवर्धननं नको म्हटलं होतं, पण भाच्याला नाही म्हणता येत नाही. शुभमनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात वही होती. प्रत्येक ड्रमची तारीख, किती धुतलं, किती तापवलं, सगळं तिच्यात होतं. त्याला वाटलं होतं कंपनीची माणसं विचारतील.

टेबलावर बाटली उभी होती. तळापासून पाऊण भाग पांढरी, हिवाळ्यातल्या खोबरेल तेलासारखी. ओमप्रकाशनं ती आडवी केली. आतलं हललं नाही. शेजारी फिल्टर चिरून ठेवला होता. त्याच्या कागदाच्या घड्यांवर पिवळट मेण लिंपलेलं होतं.

"फिल्टरवर हीटर असते," ओमप्रकाश म्हणाला, "पण तेल टाकीतच जमलं तर हीटर कोणाले तापवन? आणि हे पाहा." एका पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं डिझेल होतं, त्यात चांदीचा चुरा चमकत होता. "पंपाचं लोखंड. हे रेलमध्ये, म्हंजे डिझेल वाटणाऱ्या नळीत गेलं, इंजेक्टरमध्ये गेलं. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सारं नवं बसवाव लागते. एक नळी बी जुनी ठेवता येत नाही, नाईतर नवा पंपही खाऊन टाकन. इंजिन ऑईल बी वर आलं आहे. तुमचं तेल खाली उतरून ऑईलमध्ये मिसळलं, ऑईल पातळ केलं."

गोवर्धनला आपलं कौतुक आठवलं. माही गाडी ऑईल पैदा करते.

रश्मीनं काचेच्या केबिनमधून आलेला कागद पुढं सरकवला. त्यावर काय आहे ते तिनं वाचून दाखवलं नाही. तिच्या खाली गेलेल्या हनुवटीकडं पाहून गोवर्धनला कळलं.

"माह्या शब्दानं वॉरंटी गेली का पोरी?"

"नाही काका." ती पटकन म्हणाली. "तुमी काही बोलले नसते तरी बाटली बोललीच असती. दोन दिवस लागले असते, एवढंच." मग कागदावर बोट ठेवून, "पण कागदावर शब्द तुमचेच आहेत. वरिष्ठानं तेवढंच वाचलं."

शुभम ट्रेकडं पाहत उभा होता. त्यानं गोवर्धनला हाताला धरून बाहेर अंगणात आणलं. उन्हात त्यांची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती, तोंड वासून पडलेल्या आजाऱ्यासारखी.

"मामाजी, खरं सांगा. आधी कोणतं टाकलं?"

गोवर्धननं खाली पाहिलं.

"मामाजी."

"तुमचं."

"किती?"

"सारं. तुमी देल्लं होतं ना. मान पहिला तुमचा असते."

शुभमनं डोळे मिटले. "मामाजी, थे जड असते. डिझेलपेक्षा जड. आधी टाकलं तर तळाशी बसते. रात्रभर थंडीत तिथंच. आणि नळी तळाचंच वढते." तो बोलत होता आणि बोलता बोलता त्याच्या आवाजात जीव आला. "म्हणजे माह्यं तेल खराब नव्हतं! प्रमाण चुकलं. वीस टक्के असतं आणि मिसळून असतं तर..." तो वही घेऊन आत पळाला. गोवर्धन त्याच्यामागं. पोराच्या चालीत तो जुना उजेड पाहून, आपल्या मूर्खपणावर सगळं ढकललं जात असतानाही, त्याला बरं वाटलं. मूर्ख मीच ठरू दे. पोरगा वाचू दे.

"मॅडम, चूक टाकण्याची आहे," शुभम रश्मीला सांगत होता. "मी वीस टक्के सांगतलं होतं. हिवाळ्यात दहा. लिहेल आहे पाहा."

रश्मीनं वही घेतली नाही. तिनं गाडीच्या कप्प्यातून आणलेलं पुस्तक उचललं. पॉलिथिनची पिशवी कोणीतरी काल फाडली होती. तिनं पान काढून बोट ठेवलं.

"सात," ती म्हणाली.

"सात काय?"

"सात टक्के. पंपावरच्या डिझेलात मिसळून येते, तेवढंच चालते. थेही प्रमाणित पाहिजे, घरचं नाही. वीस नाही. दहाही नाही."

शुभमनं ते पान वाचलं. बारीक इंग्रजी अक्षरं. त्याला इंग्रजी वाचता येत होतं. दीड वर्षात कधीही वाचता आलं असतं. पुस्तक मामाच्या कप्प्यात होतं आणि त्यानं ते मागितलं नव्हतं.

"म्हणजे उन्हाळ्यात चालत होती तवा बी..."

"पहिल्या कॅनापासूनच वॉरंटी नव्हती," रश्मी म्हणाली. एखाद्याला आजार सांगावा इतकं हळू तिनं ते सांगितलं.

शुभमनं वही मिटली. मग ती कुठं ठेवावी ते न कळून त्यानं तीच टेबलावर, बाटलीशेजारी ठेवली आणि तिथंच विसरला. की विसरला नाही.

खिशात गोवर्धनचा फोन वाजला. रिसॉर्टचा नंबर. त्यानं घेतला, ऐकलं, "हाव साहेब" म्हटलं आणि ठेवला. सीझनसाठी दुसऱ्या गाडीचं ठरलं होतं.

ते दोघं अंगणात आले. ओमप्रकाशनं बाटली टेबल मोकळं करायला म्हणून बाहेर आणली आणि कठड्यावर उन्हात ठेवून गेला.

"भाचेराव," गोवर्धन म्हणाला, "जाऊ द्या. गाडी काय, लोखंड आहे. तुमी ड्रम बंद नोका करू."

हे बोलताना त्यालाच कळत होतं की ड्रम बंद झाला. ट्रेमधला चुरा पाहिल्यावर हा पोरगा कोणाच्याही टाकीत थेंब टाकणार नाही. आणि आता काही वेगळं करून पाहायची उमेद त्याच्यात उरलेली नाही. इस्त्रीचा शर्ट पाठीवर ओला झाला होता.

मग शुभम वाकला.

गोवर्धनला आधी वाटलं काही पडलं म्हणून उचलतो आहे. पण शुभमचे दोन्ही हात त्याच्या चपलांवर आले. भाच्यानं मामाचे पाय धरले. असं होत नसतं. हाडोळ्यांच्या घरात असं कोणी कधी केलं नव्हतं. गोवर्धन दचकून मागं सरला, पण मागं गाडी होती. तिचा गार पत्रा पाठीला लागला आणि पुढं कुठं जायला जागा राहिली नाही.

"उठा भाचेराव. उठा ना. हे काय करून राहिले? पाप लागते मले."

शुभम उठला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हेही गोवर्धनला कळेना. मान देणारा तो होता, मान घ्यायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी जयवंता पितळीत पाणी घेऊन बसली असेल. भाचेराव येतील, पाय धुवायचे. आज ती पितळी कोणाच्या पायाखाली धरायची?

कठड्यावरच्या बाटलीला ऊन लागलं होतं. पांढरं हळूहळू कडेनं सुटत गेलं, मग मधूनही वितळलं. थोड्या वेळानं तिच्यात फक्त सोनेरी, नितळ तेल राहिलं. पहिल्या दिवशी ग्लासात धरलं होतं, तसंच. त्याच्याकडं पाहून ते कधी थिजलं होतं हे कोणाला सांगता आलं नसतं.